नाव नाही विचारलं

मंगळवार, रात्र

हाताला पाणी लावायचं नाही अशी ताकीद आहे, म्हणून मेंदी नुसती खरवडलीय आणि एका बोटाने हे टाइप करतेय. उद्या रोहिणीची हळद. घरात शंभर कामं पडलीत आणि मी अशा गोष्टीवर अडकून बसलेय की कुणाला सांगितली तर म्हणतील, एवढंच?

हो, एवढंच. मेंदीवालीने मला नाव विचारलं नाही.

माझ्याआधी सहाजणींची काढून झाली होती. प्रत्येकीच्या तळव्यावर कोन टेकवण्याआधी ती विचारायची, "दादांचं नाव काय? कुठलं अक्षर लपवू?" मग लाजणं, कोपराने ढोसणं, कुणीतरी मुद्दाम भलतंच नाव ओरडणं. कुसुमआत्यालासुद्धा विचारलं तिने, आणि आत्या चक्क लाजली. मग माझा नंबर. मी खुर्चीशी गेले, साडीवरूनच पायातल्या कॅलिपरच्या दोन्ही रिंगा वर ओढल्या, टक् झालं, गुडघा दुमडला, बसले. पोरीने आवाज ऐकला, काठाखालचा बूट पाहिला, माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला साधी वेल काढते. पटकन होईल, तुम्हाला त्रास नको."

गळ्यात मंगळसूत्र होतं. चांगलं दोन पदरी, ठसठशीत.

मी काहीच बोलले नाही. हेच मला टोचतंय. आमच्या बँकेत माझ्या तोंडाला लोक टरकून असतात, आणि तिथे मी तळवा पुढे करून मुकाट बसले. ती खवचट असती तर उत्तर तयार होतं. पण ती चांगली होती. पायाखाली उशी सरकवलीन, पंखा माझ्याकडे वळवलान. माझ्यासाठी तिला सगळं सुचलं, फक्त मला कुणी असेल, हे सुचलं नाही.

"बाकी" हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. बाकी चेहरा गोड आहे हो. बाकी केस काय सुंदर. बाकी नाकीडोळी नीटस. चौदाव्या महिन्यात पोलिओ झाला, चौथ्या वर्षी पहिला कॅलिपर आला, तेव्हापासून मी बाकी आहे. हातचा धरून वजाबाकी करून उरलेली. स्थळं यायची तीही त्याच हिशोबाने. एक बिजवर, दोन मुलांचा बाप, वयाने सतरा वर्षांनी मोठा. त्याची बहीण आईला म्हणाली, तुमच्या मुलीला घर मिळेल, आमच्या मुलांना आई. त्या वाक्यात नवरा-बायको कुठेच नव्हते. मी तेव्हा अठ्ठावीसची होते आणि त्या बाईपेक्षा मला आईचा राग आला, कारण ती दोन दिवस विचार करत होती.

ते जाऊ दे.

मेंदी झाली आणि खरी गंमत सुरू झाली. उठताना प्रश्न नसतो. पाय सरळ केला की रिंगा आपल्या वजनाने खाली घसरतात, गुडघा पक्का होतो, उभं राहता येतं. अडचण परत बसताना. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रिंग, दोन्ही एकाच वेळी वर उचलाव्या लागतात, आणि त्या वेळी पाय पूर्ण सरळ आणि त्यावर भार नको. जरा जरी भार राहिला तर रिंग दांड्यावर घट्ट बसते, हलत नाही. रोज शंभरदा करते, विचारसुद्धा करत नाही. पण दोन्ही तळवे ओल्या मेंदीने भरलेले! पाय पुढे ताठ ठेवून टेकता आलं असतं, पण गर्दीत तो पाय म्हणजे रेल्वेचं फाटक. तर मी कार्यालयाच्या खांबाला खांदा लावून उभी. जी येईल ती म्हणे, "अगं, बस ना." मी म्हणे, "बरंय असंच."

साडीसुद्धा नवीन होती. जांभळी येवल्याची पैठणी, नवऱ्याने, सुहासने, पहिल्या दिवाळीला दिलेली. कॅलिपरवर साडी नेसायची म्हणजे आधी बूट चढवायचा, मग निऱ्या. डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड, त्यामुळे बुटाची उंची आल्याशिवाय काठ एका रेषेत येत नाही. परकर रिंगेत अडकून फाटतो, म्हणून आतून गुडघ्याशी जाड कापडाची पट्टी शिवून घेतलीय. एवढं सगळं कोण करतं? जिला छान दिसायचंय ती करते. मला छान दिसायचं होतं. लिहिताना लाज का वाटतेय?

आणि तेवढ्यात माई आली, अर्थात. "फॉर्म भरला का गं? वर्ष होत आलं."

फॉर्म. नंदूकाकांनी दिवाळीत आणून दिलेला, अजून फ्रिजवरच्या टोपलीत आहे. दिव्यांग व्यक्तीशी लग्न करणाऱ्या अव्यंग व्यक्तीला प्रोत्साहन. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात द्यायचा, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. 2014 साली राज्य सरकारने आंतरजातीय विवाहाच्या योजनेच्या धर्तीवर ही योजना काढली, तेव्हाची रक्कम 50 हजार. त्याची फोड मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसूच आलं होतं: 25 हजारांचं बचत प्रमाणपत्र, 20 हजार रोख, साडेचार हजारांच्या संसारोपयोगी वस्तू आणि 500 रुपये स्वागत समारंभाला. 500 रुपयांत कोणाचं स्वागत होतं? मेंदीवालीसुद्धा जास्त घेते.

कागदपत्रं आहेत सगळी. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, माझं 60 आहे. स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, पायाची लांबी मोजून डॉक्टरांनी ते काढलं होतं. मोजपट्टी होती, कोन मोजायचं यंत्र होतं. शिवाय विवाह नोंदणीचा दाखला, आणि दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारसपत्रं.

पैशाला मी नाही म्हणत नाही. कॅलिपरचं चामडं फाटलंय, मांडीचा पट्टा बदलायला झालाय, आणि सरकारला कर मीही भरते. पण "प्रोत्साहन" घशाखाली उतरत नाही. प्रोत्साहन कशाला देतात? जे माणूस आपणहून करणार नाही त्याला. सेंद्रिय शेती, नसबंदी, मी. आणि मूळ योजनेत दोघंही दिव्यांग असतील तर काहीच नव्हतं. वंदना आणि प्रकाश, दोघांनाही दिसत नाही, लग्न करून घर चालवतात, वंदनाच्या हातचं भरीत खाऊन बघावं कुणीही. त्यांना लोक फक्त विचारत राहिले, कोण कोणाला सांभाळणार. म्हणजे पैसे दिव्यांगाच्या संसारासाठी नव्हतेच. पैसे समोरच्याच्या मोठ्या मनाचे होते.

मोठं मन! लग्नात सुहासला किती जणांनी मिठी मारून "देवमाणूस आहेस" म्हटलं. तो बिचारा "थँक्यू" म्हणत राहिला. माई आजही मेंदीवालीला मोठ्याने सांगत होती, "आमच्या सुहासने स्वतःहून पसंत केली हो हिला."

स्वतःहून म्हणे. आधी मी बघितलं त्याला. सावानात, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयात, मासिकांच्या टेबलाशी. मान खाली घालून वाचत होता, नुकतेच केस कापलेले, आणि त्या मानेवर कॉलरच्या वर एक तीळ होता. मी तीन शनिवार त्या तिळासाठी गेले. चौथ्या शनिवारी मुद्दाम त्याच्या समोरची खुर्ची घेतली आणि रिंगा जरा जोरातच वर ओढल्या. टक्. त्याने मान वर केली. नंतर कधीतरी म्हणाला, तुझा आवाज मला जिन्यापासून कळायचा, मग पुढची पाच मिनिटं मी एकच ओळ वाचायचो. यात देव कुठून आला?

तर साडेआठला तो न्यायला आला. मी तासभर उभी, चांगली मांडी भरून आलेली, चेहरा पडलेला. त्याने माझे हात बघितले, खांब बघितला, त्याच्या लक्षात आलं. खुर्ची ओढून माझ्या मागे लावली. "माझ्या खांद्यावर भार टाक." मग वाकला आणि पैठणीवरूनच दोन्ही हातांनी माझा गुडघा चाचपला. शोधावं लागलं नाही त्याला. अंधारात सापडतात त्याला त्या रिंगा, भर कार्यालयाच्या ट्यूबलाइटमध्ये का नाही सापडणार. टक्. मी बसले. तो लगेच उठला नाही. अंगठा तसाच गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठेवून वर बघत म्हणाला, "काय झालं?"

आजूबाजूला एकदम शांत. माई पंख्याकडे बघायला लागली. कुसुमआत्याने पदर तोंडाला लावला. कॅलिपर लावणाऱ्या बाईच्या गुडघ्यावर नवऱ्याने हात ठेवला तर ती सेवा असते, असं त्यांनी आजवर धरलं असणार; पण ही काही सेवा दिसत नव्हती, हे सगळ्यांनाच कळलं. मेंदीवाली पोर कानापर्यंत लाल. मला, खरं सांगते, फार मजा आली. ओठ चावून बसले.

तिने जाताना विचारलं, "ताई, आता टाकू का अक्षर? कोपऱ्यात जागा आहे."

मी म्हटलं, नको, जागा मोडलीय. कारण मोडलीच होती. भार टाकताना मी त्याचा खांदा धरला होता, आणि तिची साधी वेल त्याच्या पांढऱ्या शर्टावर उमटली होती. पाच बोटं आणि निम्मा तळवा.

मघाशी फॉर्म टोपलीतून काढला. सुहास म्हणाला, भर, कॅलिपर होईल, शब्दाचं काय लोणचं घालायचंय? मी म्हटलं, तुझ्या घोरण्याशी लग्न केल्याचं प्रोत्साहन मला कुठल्या खात्यात मिळतं ते आधी विचारून ये. मग आम्ही प्रतिष्ठित व्यक्ती कोण यावर अर्धा तास हसलो. नंदूकाकांचं नाव बाद झालं. दुसरं सुचेना. फॉर्म परत टोपलीत. अजून अकरा दिवस आहेत.

शर्ट भिजत घातला होता, त्याने बादलीतून काढून वाळत टाकलाय. डाग तसाच आहे, उलट जास्तच रंगलाय. उद्या हळदीला तोच घालणार म्हणतो. मी म्हटलं, इस्त्री मी करणार नाही.