रडून सुजलेले डोळे आणि सकाळचा दीड तास

"रात्रभर रडले किंवा नीट झोपच लागली नाही, की सकाळी पापण्या टमटमलेल्या असतात. त्याच दिवशी कुठेतरी जायचं असतं. डोळे रंगवल्यासारखे न दिसता हे कमी कसं करायचं?"

गेली बरीच वर्षं मी लोकांचे चेहरे रंगवण्याचं काम करते, आणि सकाळी सातला येणाऱ्या फोनांपैकी सर्वांत दबका आवाज याच प्रश्नाचा असतो. कारण कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. आधी एवढंच विचारते, की हाताशी वेळ किती आहे. अर्धा तास असेल तर एक उपाय, दीड तास असेल तर दुसरा. आज दीड तासाचा सांगते, कारण खरा फरक त्यातच पडतो.

पापणीची कातडी ही अंगावरची सर्वांत पातळ कातडी, साधारण अर्ध्या मिलिमीटरची. तिच्याखालचा थर सैल असतो, त्यामुळे जरा पाणी झिरपलं की तिथे लगेच साठतं आणि लगेच दिसतं. रडताना डोळ्यांकडचा रक्तपुरवठा वाढतो, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाणी ऊतींमध्ये उतरतं. त्यात आपण ओढणीने, मनगटाने, जे हाताला लागेल त्याने डोळे चोळत राहतो. मग आडवे होतो, आणि जे पाणी उभं असताना खाली ओघळलं असतं ते रात्रभर चेहऱ्यातच थांबतं. म्हणजे सकाळी दिसते ती सूज बहुतेक पाण्याची असते. पाण्याला वाट दिली की ते जातं, रंगाने झाकलं तर मात्र जात नाही. म्हणून पहिला तासभर मी मेकअपची पेटी उघडतच नाही.

एक सकाळ सविस्तर सांगते. साडेदहाला मुलाखत असलेली एक मुलगी आठ वाजता माझ्याकडे आली. दोन्ही वरच्या पापण्या इतक्या भरल्या होत्या की पापणीची घडी दिसतच नव्हती. घाबरून तिने घरीच बर्फाचा खडा थेट पापणीवर फिरवला होता आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल चट्टा उठला होता. ही चूक फार जण करतात. एवढी पातळ कातडी बर्फाने पटकन दुखावते, सूज उतरली तरी तो लालसरपणा मागे उरतो, आणि मग तोच झाकत बसावं लागतं.

आधी तिला लेन्स काढून चष्मा लावायला सांगितलं. रडलेल्या डोळ्यांत लेन्स टोचते, डोळा आणखी पाणावतो, आणि केलेलं सगळं वाहून जातं. मग साध्या पाण्याने चेहरा धुतला, कारण वाळलेल्या अश्रूंचं मीठ कातडीवर राहिलं तर ती चरचरते आणि हात पुन्हा डोळ्यांकडे जातो. त्यानंतर तिला खुर्चीत ताठ बसवलं. आडवं होऊन डोळ्यांवर पट्टी ठेवणं आरामाचं वाटतं, पण आडवं झालं की पाणी परत तिथेच थांबतं. मान किंचित मागे टेकवली की पुरे.

मऊ सुती रुमाल गार पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, दोन्ही डोळ्यांवर ठेवला. तो गरम झाला की पुन्हा बुडवायचा, म्हणजे साधारण दर दोन मिनिटांनी. असं दहा मिनिटं. रुमाल नुसता टेकवायचा, बुबुळावर दाबायचा नाही. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि नवं पाणी झिरपायचं थांबतं. फ्रीजमधला चमचाही चालतो, पण तो मिनिटभरात कोमट होतो आणि त्याची कड टोचते. मला रुमालच जास्त भरवशाचा वाटतो.

मग बोटांचं काम. चेहऱ्यातलं जादा पाणी लसिकावाहिन्यांतून कानापुढे आणि जबड्याखाली उतरतं, म्हणून हात त्याच दिशेने फिरवायचा. सुरुवात मानेपासून करायची, कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत, हलक्या हाताने पाचसहा वेळा. मग अनामिकेने डोळ्याखालच्या हाडाच्या कडेकडेने, नाकाकडून कानाकडे. दाब इतकाच, की कातडी जराशी सरकेल पण तिला सुरकुती पडणार नाही. मिनिटभर पुरतं. जोर लावला तर चोळल्यासारखंच होतं आणि सूज वाढते. याने चमत्कार होत नाही, थोडीच मदत होते. मुख्य काम गारव्याचं, आणि उठून बसल्यावर पाण्याला खाली ओढणाऱ्या वजनाचं.

मग तिला सांगितलं, आता अर्धा तास घरात फीर, कपडे नीट कर, मुलाखतीचे कागद वाच, फक्त खाली वाकून फोन बघू नकोस. हा अर्धा तास लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण त्यातच पापण्या सर्वांत जास्त उतरतात. शिवाय गारव्याने लालसर झालेली कातडी मूळ रंगावर येईपर्यंत तिच्यावर रंग लावण्यात अर्थ नसतो, कारण रंग जुळतच नाही. पावणेनऊला घडीची रेघ पुसट दिसायला लागली. नऊला उजवी पापणी जवळजवळ पूर्ववत होती, डावी अजून जड होती. तिथे थांबायचं. डाव्या-उजव्यातला एवढा फरक समोरच्याच्या लक्षात येत नाही, पण तो मिटवण्यासाठी एका डोळ्यावर जास्त रंग चढवला तर ते लगेच कळतं.

आता पेटी. सुजलेल्या डोळ्यांचा मेकअप बिघडतो तो बहुतेक एकाच कारणाने, फुगवट्यावर उजळ कन्सीलर लावल्याने. मीही सुरुवातीला हेच करायचे. फुगवटा पुढे आलेला असतो, वरून येणारा उजेड आधी त्याच्यावरच पडतो. तो आणखी उजळ केला की आणखी पुढे आल्यासारखा दिसतो, आणि डोळ्यांभोवती पांढरी चकती उमटते. आपल्याला थकवा म्हणून दिसते ती फुगवट्याखालची सावली. खिडकीसमोर बसून आरसा धरा आणि हनुवटी खाली करा, रेघ गडद होईल. हनुवटी वर उचला, ती फिकी होईल. हनुवटीबरोबर बदलते ती सावली. तरीही तसाच राहतो तो कातडीचा रंग. निळसर झाक असेल तर तिच्यावर जर्दाळूच्या छटेचा पातळ थर चालतो. सावलीसाठी मात्र आपल्या कातडीपेक्षा अर्धीच छटा उजळ कन्सीलर, बारीक ब्रशने फक्त त्या रेघेत, आणि बोटाने टिपून कडा विरवायच्या. फुगवट्यावर काहीही नाही. त्या मुलीला प्रत्येक डोळ्याखाली मुगाच्या दाण्याएवढंसुद्धा लागलं नाही. वरून पावडर जवळपास नाहीच, कारण रडलेली कातडी कोरडी पडते आणि पावडर तिच्या बारीक रेघांत जाऊन बसते.

वरच्या पापणीला चमक नको. चमकेवर उजेड पडतो, आणि उजेडात सूज उठून दिसते. कातडीपेक्षा एक छटा गडद, बिनचमकीचा तपकिरी रंग पापणीच्या भरलेल्या भागावर पसरवायचा आणि भुवईकडे जाताना विरवून टाकायचा. गडद रंग मागे सरल्यासारखा दिसतो, म्हणून भरलेली पापणी जरा बसते. हे डोळे मिटून लावू नका. समोर सरळ बघत लावा, कारण लोक आपल्याला तसंच बघतात. दिसत नसलेली घडी पेन्सिलने आखू नका. ती डोळ्यांच्या हालचालीबरोबर हलत नाही आणि पहिल्या संवादातच उघडी पडते. जाड आयलायनरही नको, उरलीसुरली पापणी तो गिळून टाकतो. त्याऐवजी तपकिरी पेन्सिलने वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांमध्ये नुसते ठिपके द्यायचे. केस कर्लरने वर वळवले की जड पापणी उचलल्यासारखी वाटते. मस्कारा फक्त वर, आणि डोळा पाणवायचा थांबल्यावरच. खालच्या कडेत काजळ आज नको, ते डोळा लहान करतं आणि पुन्हा डोळे भरून आले तर गालावर उतरतं. पांढरी पेन्सिल तर त्याहून नको, तिने डोळे बाहुलीसारखे दिसतात.

एक गोष्ट मात्र लोक हमखास विसरतात. रडल्याचं डोळ्यांइतकंच नाक सांगतं. नाकपुड्यांच्या कडा, नाकाचा शेंडा, वरच्या ओठावरची जागा, सगळं लाल असतं. तिथे कातडीच्याच रंगाचं कन्सीलर टिपलं, की डोळ्यांवर आणखी काही करावंसं वाटत नाही. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोठा फरक याच दोन मिनिटांच्या कामाने पडतो.

डोळ्यांची लाली घालवणारे थेंब रोजच्या सवयीचे करू नका. रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या त्यातल्या बऱ्याच औषधांचा असर ओसरला की लाली परत येते, वारंवार वापरल्यावर आधीपेक्षा जास्त. डोळा चुरचुरत असेल तर साधे कृत्रिम अश्रूंचे थेंब बरे. आणि मूळव्याधीचं मलम पापण्यांना लावायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. ते डोळ्यांजवळ लावण्यासाठी नाही, डोळ्यांत गेलं तर आग होते.

न झोपलेल्या सकाळी गोष्ट थोडी वेगळी असते. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जागरण झालेल्या माणसांचे फोटो इतरांना दाखवले होते. बघणाऱ्यांना सुजलेले, लाल डोळे तर दिसलेच, पण ओघळलेल्या पापण्या, फिकट कातडी आणि खाली झुकलेल्या ओठांच्या कडाही दिसल्या. म्हणून जागरणानंतर मी डोळ्यांवर कमीत कमी काम करते, पापण्यांचे केस वळवते, आणि गालांवर, ओठांवर थोडी लाली आणते.

हे सगळं आल्यागेल्या पाण्यासाठी आहे. दिवसभरात जराही न बदलणारा आणि वर बघितल्यावर जास्त उठून येणारा खालचा फुगवटा बहुधा चरबीचा असतो, त्याला रुमाल पुरत नाही. खूप खाज असेल तर ॲलर्जीचा विचार करा. एकच डोळा लाल, गरम आणि दुखरा असेल, ताप असेल किंवा दिसण्यात फरक पडला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. न रडता रोज सकाळी पापण्या सुजत असतील, पायांवर सूज किंवा लघवीला फेस येत असेल, तर मूत्रपिंडं तपासून घ्यायला हवीत. अशी एक बाई माझ्याकडे तीन महिने मेकअपसाठी येत राहिली. तिला डॉक्टरकडे पाठवायला मला तीन महिने लागले, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलाखतीची ती मुलगी साडेनऊला निघाली. निघताना तिच्या पर्समध्ये चार घड्या केलेले दोन टिश्यू ठेवले आणि सांगितलं, वाटेत पुन्हा भरून आलं तर पुसायचं नाही. टिश्यूची टोकदार घडी खालच्या केसांच्या कडेला नुसती टेकवून धरायची. पाणी आपोआप तिच्यात उतरतं, आणि बोटांचा कातडीला स्पर्शही होत नाही.