मामाच्या रेडिओचा कारखाना कोणता? दप्तरातला आणि वहीतला शोध

ज्यांना आपल्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचा कर्ता शोधायचाय, त्यांनी आधी गावचा रेडिओ मेकॅनिक गाठावा. सरकारी दप्तराच्या वाटेला नंतर जावं. मी तहसील कचेरीत कारकून म्हणून आयुष्य काढलं, दप्तर कसं ठेवतात ते मला ठाऊक आहे, म्हणूनच हे पहिल्यांदा सांगतो.

रेडिओ माझ्या मामाचा. तो बोटीवर होता. देवगडला सुट्टीवर आला तेव्हा खिशात मावेल एवढा रेडिओ घेऊन आला आणि जाताना मला देऊन गेला. समोरची नावाची पत्र्याची पट्टी आधीच पडलेली होती, डिंकाचे दोन ठिपके तेवढे राहिले होते. त्यामुळे कंपनीचं नाव मला कधीच कळलं नाही. पुढे रेडिओही गेला. राहिलं ते त्याचं लायसन.

हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं की रेडिओला लायसन लागायचं. पोस्टातून एक पुस्तक मिळायचं, त्यात दरवर्षी फीचं तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ते बंद झालं. माझं पुस्तक ट्रंकेत सापडलं. त्यात बनावटीच्या रकान्यात 'जपान' एवढंच आणि पुढे सेटचा नंबर. कारकुनाने निळ्या शाईत, घाईत लिहिलेलं. नंबर आहे पण कंपनी नाही, म्हणजे गट नंबर आहे आणि गावाचं नाव नाही असा उतारा.

लायसनसाठी दिलेल्या अर्जात तपशील जास्त असणार, असं माझ्या मनाने घेतलं. मामाने सोबत पावती जोडल्याचंही आठवत होतं. तो कागद ज्या कार्यालयाकडे गेला असण्याची शक्यता होती, त्याचं नाव मी इथे घेत नाही. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता "तसलं काही नसतं आता" म्हटलं. दुसऱ्या खेपेला "साहेब रजेवर". त्यापुढे "मुख्यालयात विचारा". मुख्यालयाने परत इथेच पाठवलं. मला राग आला तो नकाराचा नव्हता. एकही माणूस लिहून द्यायला तयार नव्हता, त्याचा होता. कचेरीत बसून मी कोणालाही तोंडी उत्तर देऊन परत पाठवलेलं नाही.

मग माहिती अधिकार. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. राज्य सरकारच्या कचेरीत अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. केंद्र सरकारच्या कार्यालयात तो चालत नाही. तिथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, 'अकाउंट्स ऑफिसर'च्या नावे. आमच्याकडे अर्धे अर्ज याच कारणाने परत येतात आणि लोक समजतात की खातं टाळतंय.

अर्जात मी "माझ्या रेडिओची माहिती द्यावी" असं लिहिलं नाही. पुस्तकाचा क्रमांक, वर्ष, पोस्टाचं नाव लिहिलं आणि दोन गोष्टी मागितल्या: मूळ अर्जाची प्रत, आणि तो नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत. ही दुसरी मागणी महत्त्वाची. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते आलं, एका ओळीचं: "माहिती उपलब्ध नाही." हे उत्तरच नव्हे. कागद हरवला, नष्ट केला की शोधलाच नाही, यातलं काहीच त्यातून कळत नाही. दप्तराचे वर्ग असतात. काही कागद कायम ठेवायचे, काही ठरावीक वर्षांनी यादी करून, वरिष्ठांची सही घेऊन नष्ट करायचे. ती यादी मात्र राहते. मी पहिलं अपील केलं (उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत करायचं असतं) आणि अपिलात तेवढाच मुद्दा धरला.

सुनावणीला अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी बाजूच्या माणसाला विचारलं, "यादी आहे ना?" यादी होती. कपाटातच होती. लायसनचे अर्ज कधीच नष्ट झाले होते, तारखेसह, सहीसह. एका पानाची झेरॉक्स द्यायला त्यांना एवढा काळ लागला! वाट संपल्याचं कागदावर मिळालं आणि मला खरंच हलकं वाटलं, पण कंपनीचं नाव तसंच अंधारात.

तेवढ्यात बाजारात मेकॅनिकचा मुलगा भेटला. त्याच्या बाबांनी माझा रेडिओ दोनदा दुरुस्त केला होता. मी विषय काढला तर म्हणाला, "बाबांची वही हा अजून. येवा घराक."

वहीत नाव, तारीख, दोष आणि बदललेला भाग अशा नोंदी होत्या. माझ्या नावासमोर लिहिलं होतं: आवाज फाटतो, २एसबी७७ ची जोडी काढली, एसी१२८ ची घातली. खाली: नऊ व्होल्टचा सेल मिळत नाही, सहा टॉर्च सेलची पेटी करून दिली. ती लाकडी पेटी मला लख्ख आठवते. रेडिओपेक्षा ती मोठी होती. आणखी एका ओळीत 'गँग मित्सुमी' असं होतं. मुलगा म्हणाला, "मित्सुमीचोच तो, ह्या बघा लिवला हा."

इथेच पुष्कळजण फसतात. गँग म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर. मित्सुमी असे सुटे भाग बनवून अनेक कंपन्यांना विकायची. भागावरचं नाव म्हणजे रेडिओचं नाव धरू नये. वहीत जोडी म्हणून लिहिलेल्या आतल्या ट्रान्झिस्टरचा नंबर जास्त बोलतो. '२एस'ने सुरू होणारे नंबर जपानी नोंदणीचे, पुढचा 'बी' हा पीएनपी जातीचा, आवाजाच्या भागातला ट्रान्झिस्टर असल्याचं सांगतो. २एसबी७७ हा हिताचीचा. पण हिताचीचे ट्रान्झिस्टर इतर कारखानेही विकत घेत, म्हणून एवढ्यावर मी निकाल दिला नाही.

दुसरा धागा माझ्याच डोक्यात होता. डायलवर ६४ आणि १२४ च्या आकड्यांपाशी बारीक त्रिकोण होते. लहानपणी मला वाटायचं, ती आकाशवाणीची जागा. खरं म्हणजे अमेरिकेत हल्ल्याच्या वेळी सूचना ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर द्यायची योजना होती, आणि तिथे विकायच्या रेडिओवर ही खूण सक्तीची होती. १९६३ साली ती योजना बंद झाली. म्हणजे रेडिओ अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला, आणि बहुधा त्याआधीचा.

तिसरा धागा फोटो. कट्ट्यावर मी रेडिओ कानाला लावून बसलोय, जाळीची नक्षी आणि कडेचं चाक स्पष्ट दिसतं. भाचीने तो मोठा करून स्कॅन केला आणि पुण्यातल्या एका संग्राहकाला पाठवला. त्यांनी त्यांच्याकडच्या हिताचीच्या सेटचा फोटो पाठवला. जाळीच्या रेघा, चाकाची जागा, पट्टीच्या डिंकाचे दोन ठिपके पडतील ती दोन भोकं, सगळं जुळलं. हिताची. मी बायकोला हाक मारून दाखवलं.

मॉडेल नंबर मात्र पक्का झालेला नाही. एकाच ढाच्यात आतली जोडणी बदलून दोन-तीन मॉडेल काढत, आणि खरा नंबर सेलच्या खणातल्या कागदी लेबलवर असतो. सेटच्या नंबरावरून साल काढता येत नाही, असं संग्राहक म्हणाले. तुमच्याकडे रेडिओ असेल तर मागचं झाकण उघडून आधी ते लेबल पाहा. खाऱ्या हवेत कागद सुटून सेलखाली चिकटतो. सेल खसकन ओढू नका, नाहीतर लेबलही फाटून येईल.