सोळा मुलांचे गुण आणि टी-टेस्ट

बीएडच्या कृतिसंशोधनासाठी सहावीतली सोळा मुलं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली होती. एका गटाला अपूर्णांक कागदी पट्ट्यांनी शिकवले, दुसऱ्याला नेहमीसारखे फळ्यावर. शेवटी वीस गुणांची एकच चाचणी घेतली.

पट्टी गट: ३, १३, १४, १५, १६, १६, १७, १८
फळा गट: ८, ९, १०, ११, ११, १२, १३, १४

सोबतचे म्हणाले, तीसपेक्षा कमी मुलं असली की दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट चालतच नाही. हे मला पटलं नाही. गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती पद्धत मांडली, तीच मुळी लहान नमुन्यांसाठी. अडचण आकड्यांच्या संख्येत नव्हती, त्या ३ मध्ये होती. तो मुलगा बहुतेक तासांना गैरहजर होता. पण चिठ्ठीने तो याच गटात आला होता, त्यामुळे त्याला वगळणं म्हणजे निकालाला हात लावणं.

प्रसामान्यतेची शापिरो-विल्क चाचणी आठ आकड्यांवर फारसं काही पकडू शकत नाही, म्हणून तिच्यावर न विसंबता गुण कागदावर ठिपक्यांनी मांडले. एक ठिपका लांब एकटा पडलेला दिसला. पी-मूल्य काढण्याआधीच गुणांऐवजी त्यांचे क्रमांक तपासणारी मॅन-व्हिटनी चाचणी वापरायचं ठरवलं आणि तसं वहीत लिहून ठेवलं. दोन्ही चाचण्या करून सोयीची निवडायची, हा खेळ मला नको होता. R मध्ये मॅन-व्हिटनी `wilcox.test` या नावाने येते.

```r
a <- c(3,13,14,15,16,16,17,18)
b <- c(8,9,10,11,11,12,13,14)
wilcox.test(a, b, exact = FALSE)
```

W = ५४, पी सुमारे ०.०२४. काही गुण सारखे असल्याने `exact = FALSE` दिलं. नाहीतर R इशारा देऊन हेच अंदाजी उत्तर देतं.

गाइडनी विचारलं म्हणून नंतर वेल्चची टी-टेस्टही करून दाखवली: पी सुमारे ०.१३. सरासरी १४ विरुद्ध ११, म्हणजे फरक तीन गुणांचा. पण त्या एका ३ मुळे पट्टी गटाचं प्रमाण विचलन ४.७ झालं, फळा गटाचं मात्र २ च होतं. क्रमांक लावले की ३ हा फक्त ‘सगळ्यांत खालचा’ उरतो. किती खाली, हे मोजलंच जात नाही. तेवढी माहिती या चाचणीत आपण सोडून देतो, हेही खरं.

अहवालात परिणामाचा आकार साध्या भाषेत लिहिला. पट्टी गटातलं एक मूल आणि फळा गटातलं एक, अशा ६४ जोड्या होतात. बरोबरीची जोडी अर्धी धरली तर त्यांतल्या ५४ जोड्यांत पट्टी गट वरचढ, म्हणजे ८४ टक्के. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, “पण गुणांत किती फरक?” रास्त प्रश्न; टक्केवारी ते सांगत नाही. मी मध्यक सांगितले, १५.५ आणि ११. आठ-आठ मुलांवर हा फरक नक्की साडेचारचाच आहे असं म्हणता येणार नाही, हेही सांगितलं.