रिकाम्या खोलीतली सहा माणसं

मीटिंगरूमचे दिवे माणसांच्या मोजणीवर चालू-बंद व्हायचे. दाराच्या चौकटीवर कमरेच्या उंचीला दोन इन्फ्रारेड किरण, बाहेरचा A आणि आतला B, मध्ये दहा सेंटीमीटरचं अंतर. आधी A तुटून मग B तुटला की एक माणूस आत, उलट झालं की एक बाहेर. शून्य झालं की दिवे बंद. प्रोग्राम माझाच.

संध्याकाळी देखभालीवाल्यांचा फोन आला, "अहो, खोलीत कुणी नाही आणि दिवे जळतायत." जाऊन पाहिलं, तर खोली रिकामी आणि डिस्प्लेवर ६.

आधी सेन्सरवर संशय घेतला. लेन्स पुसल्या, हात फिरवून बघितला. दोन्ही किरण ठणठणीत. मग दोन्हींची स्थिती बदलेल तशी वेळेसकट नोंदवायला लावली (तुटलेला किरण म्हणजे 1, पहिला आकडा A चा) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदी वाचत बसलो. एका ठिकाणी अडलो:

```
09:41:12.210  10
09:41:12.330  11
09:41:14.870  10
09:41:14.960  00
```

चालता माणूस दहा सेंटीमीटर साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पार करतो. इथे दोन्ही किरण अडीच सेकंद तुटलेले होते, आणि सुटताना आधी B सुटला, मग A. म्हणजे कुणीतरी दारात उभं राहून खोली रिकामी आहे का ते पाहिलं आणि माघारी फिरलं. आमच्याकडे हे दिवसातून कितीतरी वेळा होतं. मी स्वतःही करतो!

चूक माझी होती. मी फक्त किरण तुटण्याचा क्षण बघत होतो. डोकावणाऱ्याने A, मग B तोडला, झाला एक आत. परत जाताना मात्र किरण नुसते सुटतात, नव्याने तुटत नाहीत, त्यामुळे वजा काही होत नाही. प्रत्येक डोकावणं आकडा एकने वाढवून जात होतं.

मग निर्णय दोन्ही किरण मोकळे होईपर्यंत लांबवला:

```
00 10 11 01 00   +1
00 01 11 10 00   -1
00 10 11 10 00    0
```

पहिला कोणता तुटला आणि शेवटी कोणता सुटला, एवढंच बघायचं. दोन्हीकडे एकच किरण असेल तर माणूस आला तसा गेला. पुढे झुलणारा हात एकटा A तोडून सोडतो, तोही यात आपोआप गळतो. अंतर मात्र अंगाच्या जाडीपेक्षा कमीच हवं, नाहीतर 11 ही स्थिती येतच नाही.

त्या संध्याकाळी आकडा शून्यावर आला आणि दिवे विझले. पुढच्या आठवड्यात दोघेजण एकमेकांना खेटून आत गेले. पहिल्याने B सोडायच्या आत दुसऱ्याने A तोडला होता, त्यामुळे मोजणी झाली एकच. थोड्या वेळाने त्यातला एक बाहेर पडला आणि अंधारातून आवाज आला, "अहो, मी आहे अजून आत!"