तीन अहवाल, एकच सर्वेक्षण

पिण्याच्या पाण्यात घरीच क्लोरीनचे द्रावण मिसळण्याची सवय लावणाऱ्या कार्यक्रमांचा साहित्य-आढावा आम्ही घेत होतो. कार्यक्रम संपल्यानंतर किती कुटुंबे ते द्रावण खरोखर वापरत राहतात, एवढाच प्रश्न होता. शोधनिबंध वाचून झाले होते आणि उरले होते ते ग्रे लिटरेचर, म्हणजे पिअर रिव्ह्यूमधून न गेलेले सरकारी व स्वयंसेवी संस्थांचे अहवाल. ते वगळून मोकळे होता येत नाही, कारण ज्या उपक्रमाचा परिणाम दिसला नाही त्याच्यावरचा निबंध छापून येण्याची शक्यता मुळातच कमी असते. आरोग्य-संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००७ मधील एका आढाव्यात वैद्यकीय चाचण्यांच्या बाबतीत हेच तपासले गेले, तेव्हा नियतकालिकांत आलेल्या चाचण्यांत उपचाराचा परिणाम ग्रे लिटरेचरमधील चाचण्यांपेक्षा सरासरी सुमारे ९ टक्क्यांनी मोठा दिसला होता.

त्या दिवशी समोर तीन अहवाल होते: कार्यक्रम राबवणाऱ्या संस्थेचा समारोप-अहवाल, निधी देणाऱ्यांनी करून घेतलेले मूल्यमापन आणि सरकारी विभागाचा आढावा. तिन्हींत वापराचे प्रमाण ८० टक्के होते. माझ्या सहकाऱ्याने तक्त्यात तीन ओळी भरल्या आणि तो म्हणाला, “तीन वेगवेगळे स्रोत एकच सांगताहेत, म्हणजे पुरावा भक्कम आहे.” मला मात्र ते तंतोतंत जुळणेच खटकले, वेगळ्या लोकांनी वेगळ्या वेळी मोजले असते, तर आकडे थोडे तरी इकडेतिकडे झाले असते. सरकारी अहवालाची तळटीप मूल्यमापनाकडे बोट दाखवत होती आणि मूल्यमापनातील तक्त्याखाली ‘आधार: कार्यक्रमाची नोंद’ असे बारीक अक्षरांत लिहिले होते. सर्वेक्षणाचे महिने तेच होते आणि कुटुंबांची संख्याही तीच, ४२०. आढाव्यात मोजायचे एकक अभ्यास असते, अहवाल नव्हे. म्हणून तीन ओळींची एक ओळ झाली.

मग त्या एका सर्वेक्षणाला किती वजन द्यायचे, हा खरा प्रश्न उरला. अशा साहित्यासाठी फ्लिंडर्स विद्यापीठातील जेस टिंडल यांनी २०१० मध्ये मांडलेली एएसीओडीएस ही तपासयादी आम्ही वापरतो. तीत लेखकाचा अधिकार, अचूकता, व्याप्ती, वस्तुनिष्ठता, तारीख आणि महत्त्व पाहिले जाते. अधिकार आणि तारीख यांत काही अडचण नव्हती. अचूकतेसाठी मात्र परिशिष्ट उघडावे लागले (सारांश वाचून अहवाल तोलणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते). पायाभूत सर्वेक्षणात ६०० कुटुंबे होती, अंतिम सर्वेक्षणात ४२०. त्यांपैकी ३३६ कुटुंबांनी ‘वापरतो’ असे सांगितले, म्हणून ८० टक्के. उरलेली १८० कुटुंबे ‘कार्यक्रमातून बाहेर पडलेली’ म्हणून वगळली होती, आणि आमचा प्रश्न तर नेमका त्यांच्याविषयीच होता. ती सगळी वापर सोडून बसली असे धरले, तर ६०० पैकी ३३६, म्हणजे ५६ टक्केच उरतात.

त्यातच, प्रश्न विचारणारे कार्यकर्ते बाटल्या वाटणारेच होते. दारात आलेल्या त्याच माणसाला ‘नाही वापरत’ असे सांगणे अवघड जाते. परिशिष्टाच्या शेवटच्या पानावर आणखी एक तक्ता होता: दर चौथ्या घरी, म्हणजे १०५ घरांत, साठवलेल्या पाण्याची क्लोरीन चाचणी केली होती आणि लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम किंवा अधिक मुक्त क्लोरीन फक्त ४२ घरांत आढळला होता. हे ४० टक्के सारांशात कुठेच नव्हते. अर्थात चाचणीलाही मर्यादा आहे. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन काही तासांत कमी होत जातो, त्यामुळे आदल्या दिवशी द्रावण घातलेले घरही ‘नाही’मध्ये मोजले जाऊ शकते.

सहकाऱ्याचा कल आता अहवाल बाद करण्याकडे झुकला. मला ते पटले नाही, कारण ज्या संस्थेने स्वतःला गैरसोयीचा तक्ता परिशिष्टात का होईना छापला, तिच्या नोंदींना काही किंमत आहे. वापर सोडण्याची कारणेही, म्हणजे पाण्याला येणारा वास आणि संपलेली बाटली पुन्हा न मिळणे, तिथे जितक्या तपशिलात होती तितकी आम्ही वाचलेल्या एकाही निबंधात नव्हती. आम्ही संस्थेकडून मूळ प्रश्नावली मागवली, अहवालाची प्रत पाहिल्याच्या तारखेसह जपून ठेवली, कारण संकेतस्थळावरची फाइल न कळवता बदलली जाते, आणि एकूण निष्कर्ष हा अभ्यास धरून व वगळून असा दोनदा काढायचे ठरवले. अंतिम तक्त्यात ४० टक्के ‘चाचणीने दिसलेला वापर’ या रकान्यात गेले, ८० टक्के ‘सांगितलेला वापर’ या रकान्यात, आणि पूर्वग्रहाचा धोका ‘जास्त’ असा नोंदवून त्यापुढे १८० कुटुंबांचा उल्लेख केला.