200 टन, पण कशाचे?

"काय ओ मॅडम, माहिती आमची, फोटो आमचे, तुम्ही नुसतं लिहून देणार. त्याचे 6,000 कसले?"

तुमच्यासारख्या कारखानदारांना आणि दुकानदारांना मी कंपनी प्रोफाइल आणि प्रसिद्धिपत्रकं लिहून देते, आणि दर सांगितला की हे ऐकते. पूर्वी हे ऐकलं की मी लगेच दर खाली आणायचे. आता आणत नाही, पण आतून अजून चिडते. चिडण्याचं कारण तुमच्यापेक्षा माझ्यातच जास्त आहे, म्हणून एकदा सगळं सांगते.

तेव्हा मी कंपनी प्रोफाइलचे 1,500 घ्यायचे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं काम आलं. मालक साधे, कामात बुडालेले. मला शेडमधून फिरवत भट्टीच्या आवाजावरून ओरडून सांगत होते आणि मी डायरीत टिपत होते. ती डायरी अजून माझ्याकडे आहे. पानावर असं आहे: '500 किलोची भट्टी, दिवसाला 16 हीट, 25 दिवस, महिना 200 टन मेल्टिंग.' हीट म्हणजे भट्टी एकदा भरून वितळवणं.

घरी येऊन लिहायला बसले. 'महिना 200 टन मेल्टिंग' हे वाक्यात नीट बसेना. शेवटी लिहिलं, 'आमची मासिक उत्पादन क्षमता 200 टन आहे.' वाक्य कसं सुटसुटीत झालं! एक शब्द गेला आणि दुसरा आला, तर असा काय फरक पडतो, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. तिथे विचार करण्यासारखं काही आहे हेच मला दिसलं नाही.

फौंड्रीतल्या माणसाला हे समजावायची गरज नाही, पण मला ते समजायला पुढची फजिती व्हावी लागली. भट्टीत वितळलेलं सगळं लोखंड गिऱ्हाइकाकडे जात नाही. साच्यात धातू पोचवायला रनर लागतात, कास्टिंग थंड होताना आकसतं म्हणून रायझर ठेवावे लागतात. ते सगळं तोडून पुन्हा भट्टीत जातं. वर रिजेक्शन असतंच. त्या फौंड्रीतून 200 टन वितळवून महिन्याला चांगला माल निघायचा जेमतेम 115 टन. कास्टिंगच्या आकारावर आणि जाडीवर हे प्रमाण खालीवर होतं, पण वितळवलं तेवढं विकलं असं कुठेच होत नाही.

मालकांनी प्रोफाइल पाहिलं, व्हॉट्सॲपवर 'ओके मॅडम' पाठवलं. फोटो बघितले असावेत, मजकूर नाही.

तीन महिन्यांनी पुण्याहून एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला आली. त्यांनी आमचंच पान छापून आणलेलं. त्यांना महिन्याला 60 टन माल हवा होता आणि हिशेब सरळ होता: 200 ची क्षमता आहे, जुनी गिऱ्हाइकं शंभरेक टन घेतात, म्हणजे शंभरेक मोकळे. मग त्यांनी डिस्पॅचचं रजिस्टर मागितलं. त्यात 108, 112, 115. मोकळं म्हणावं असं काहीच नव्हतं.

मला फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत भाजी घेत होते. "मॅडम, ते म्हणतात आकडा फुगवलाय. मी कधी फुगवला?" मी काय म्हणावं? "तुम्हीच सांगितलं होतं की 200." आणि वर, "तुम्ही ओके केलं होतं." दोन्ही खरं होतं. घरी येऊन डायरी उघडली आणि 'मेल्टिंग' हा माझ्याच अक्षरातला शब्द दिसला. त्यांनी बरोबर सांगितलं होतं, मी बरोबर टिपलं होतं, आणि वाक्य छान व्हावं म्हणून मीच तो खाल्ला होता.

ते काम त्यांना मिळालं नाही. त्या आकड्यामुळेच गेलं का? 115 लिहिलं असतं तर ती माणसं आलीच नसती, असंही मी स्वतःला बऱ्याचदा सांगते. मी 1,500 परत पाठवले, त्यांनी ठेवून घेतले. ओकेची जबाबदारी कुणाची, हे तेव्हाही ठरलं नाही आणि आजही मला ठरवता येत नाही.

दर वाढला तो त्यानंतर. आता प्रोफाइलसोबत आणखी एक कागद येतो. डावीकडे पानावरचा प्रत्येक दावा, उजवीकडे तो कशावरून: रजिस्टर, बिल, सर्टिफिकेट. आयएसओ 9001 लिहायचं असेल तर सर्टिफिकेटवरची मुदत बघते, कारण ते तीन वर्षांचं असतं आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे कुणी परत बघत नाही. हा कागद मालकाने ओळ न् ओळ वाचून सही करायचा. लिहायला मला एक दिवस लागतो, हा कागद भरायला तीन.

प्रसिद्धिपत्रकाचे 2,000 घेते, तेही 250 शब्दांचे, तिथे तुमचा आवाज अजून चढतो. मागे एका चप्पल दुकानाचं काम होतं. "आम्हाला जीआय मिळालाय असं टाका," म्हणाले. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, 2019 मध्ये मिळाला, पण तो महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांतल्या चपलेला. एका दुकानाला मिळत नाही, दुकानदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद दाखवा म्हटलं तर नव्हती. ते वाक्य गेलं, बातमी लहान झाली, दर तोच राहिला. शब्दावर दर लावला असता तर खोटं काढून टाकल्याबद्दल माझेच पैसे कमी झाले असते. आणि हो, छापून येईलच असं मी कुणाला सांगत नाही. ते उपसंपादकाच्या हातात आहे.

"मग नमुने तरी दाखवा की." दाखवते, पण ते काल्पनिक कंपन्यांचे, वर ठळक 'नमुना' लिहून. आधी खऱ्या गिऱ्हाइकाचं पान नाव खोडून दाखवायचे. एका मालकाने मशीनची यादी वाचली आणि म्हणाला, "हे तर आमच्या पलीकडच्या गाळ्यातलं." तेव्हापासून बंद. काल्पनिक गुऱ्हाळाच्या नमुन्याने खऱ्या फौंड्रीवाल्याचा विश्वास बसत नाही, हे मला मान्य आहे. दुसरा मार्ग सापडलेला नाही. फुकट लिहून दाखवा म्हणणाऱ्यांना मात्र नाही म्हणते. नमुना म्हणून फुकट लिहून दिलेली माझी दोन पानं आजही लोकांच्या वेबसाइटवर आहेत.

प्रत्येक प्रोफाइलला एकच दर ठेवायचा की काम बघून कमीजास्त, यातही माझं मन पक्कं नाही. दोन माणसांच्या वर्कशॉपला आणि 80 माणसांच्या फौंड्रीला एकच 6,000 हे बरोबर नाही, हे मलाही कळतं. पण माणसं मोजून दर सांगायला लागले तर पहिल्याच भेटीत माणसं कमी सांगितली जातील.

गेल्या महिन्यात त्याच शिरोलीच्या मालकांचा फोन आला. दुसरी भट्टी बसवलीय. "मॅडम, जुन्या पानात नुसता आकडा बदलायचाय. एका आकड्याचे काय घेणार?" मी त्यांच्याकडे तीन महिन्यांचं डिस्पॅचचं रजिस्टर मागितलंय. दर अजून सांगितलेला नाही.