आमची वाटचाल : नाव उंबऱ्यावर कसं थांबलं

ठाण्यात घरदुरुस्तीची सेवा सुरू करायची ठरल्यावर नावांची जी पहिली यादी झाली, त्यात 'खात्री', 'वेळेवर', 'नीट' असेच शब्द होते. 'वेळेवर' सगळ्यांत आधी कापलं. संध्याकाळी घोडबंदर रोडवर अडकलेल्या प्लंबरच्या टी-शर्टवर हा शब्द म्हणजे चेष्टाच. 'खात्री' बोलायला झकास, पण ग्राहक शोधतो रोमन अक्षरांत, आणि `khatri` हे आडनाव होऊन बसतं. `neet` टाइप केलं तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षा निघते. गवंड्याचा काटकोन म्हणून 'गुण्या' आमच्या मनात भरला होता. `gunya` वाचून लोकांना चिकुनगुनिया आठवला.

उरला 'उंबरा'. अनोळखी माणसाला घरात घ्यायचं की नाही, हे तिथेच ठरतं. शिवाय हा शब्द कसलंच आश्वासन देत नाही, त्यामुळे खोटाही पडत नाही. कायद्याच्या बाजूनेही तो बरा. नुसतं 'घरदुरुस्ती' हे कामाचं वर्णन झालं. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ९ खाली त्यावर हरकत येते. दुरुस्तीची सेवा वर्ग ३७ मध्ये बसते. अर्जाआधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात स्पेलिंगबरोबर उच्चारानेही शोधावं, कारण हरकत सारख्या ऐकू येणाऱ्या नावावरूनही येते. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गाला ४,५०० रुपये पडतात. TM नोंदणीआधीही लावता येतं. ® मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावणं गुन्हा आहे.

खरी परीक्षा सोसायटीच्या गेटवर. कारागीर नाव सांगतो, वॉचमन ते ऐकून इंटरकॉमवर पुढे पोचवतो. 'उंबरा' इथे घसरलं. वरच्या मजल्यावर निरोप गेला, "मुंब्र्याहून कोणीतरी आलंय." इंटरकॉमवर सुरुवातीचा स्वर बुजतो आणि ठाणेकराच्या कानात मुंब्रा तयारच असतो. नाव बदलायची गरज नव्हती, मागे कामाचा शब्द जोडला की भागतं: "उंबरा घरदुरुस्ती, नळाच्या कामाला." बोलताना कायम हे जोडनाव, अर्जात मात्र नुसतं 'उंबरा'.

एसएमएसच्या हेडरला, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाला, सहाच अक्षरं मिळतात. `UMBARA` नेमकं बसलं, स्वर गाळावे लागले नाहीत. ग्राहकाला `VM-UMBARA-S` असं काहीतरी दिसतं; सुरुवातीची दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि सर्कलची, शेवटचा एस सेवेच्या संदेशाचा.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. व्हिजिट चार्ज भरायला क्यूआर स्कॅन केला की स्क्रीनवर बँकेतलं नाव येतं. तिथे मालकाचं व्यक्तिगत नाव दिसलं की ग्राहकाचा अंगठा थांबतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून उद्यम नोंदणीत व्यवसायाचं नाव 'उंबरा घरदुरुस्ती' असं घातलं, त्याच नावाने चालू खातं उघडलं आणि क्यूआर त्या खात्याला जोडला. हे झाल्याशिवाय बुकिंग घ्यायचं नाही, असं ठरलं.